कोणत्या बाजूचा दाब जास्त?

हृदयाचं एक आवर्तन 0.8 सेकंदात पुरं होतं. त्याचं वर्णन करायला फिजिऑलॉजीच्या पुस्तकाला मात्र एक लांबलचक प्रकरण लागतं, आणि त्या प्रकरणातली एक आकृती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला घाम फोडते. वर एओर्टाचा दाब, त्याखाली व्हेंट्रिकलचा, त्याखाली एट्रियमचा, मग आकारमानाची रेघ, हृदयाचे आवाज आणि सगळ्यांत खाली ईसीजी. सहा रेघा एकावर एक. कार्ल विगर्स या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञानं 1915 च्या सुमारास ती मांडली, म्हणून ती विगर्स आकृती. कोल्हापुरात सीपीआरशी जोडलेल्या राजर्षी शाहू शासकीय महाविद्यालयात शिका किंवा कदमवाडीच्या डी. वाय. पाटील महाविद्यालयात, ही आकृती चुकत नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेली कितीतरी मुलं ती पाठ करतात, पेपरात काढतात, गुणही मिळवतात आणि तिसऱ्या वर्षी वॉर्डात मायट्रल स्टेनोसिसचा पेशंट समोर आला की गांगरतात. सहा रेघा सुट्या सुट्या पाठ झालेल्या असतात. कुठली रेघ कुठलीला हलवते, हे राहून गेलेलं असतं.

या प्रकरणात ती सगळी पानं आपण एका प्रश्नावर आणू. आवर्तनाच्या कुठल्याही क्षणी फक्त एवढंच विचारायचं: झडपेच्या दोन बाजूंपैकी कोणत्या बाजूचा दाब जास्त आहे? उत्तर आलं की झडप उघडी की बंद ते कळतं. झडपेचं कळलं की रक्त कुठे जाणार ते कळतं, आणि रक्त कुठे चाललंय ते कळलं की आकारमानाची रेघ वर जाणार, खाली येणार की आडवी राहणार हेही कळतं. आधी दाब, मग झडप, मग आकारमान. हा क्रम उलटा करायचा नाही.

झडपेला स्वतःचं काही ठरवता येत नाही

कोल्हापूरकरांना पावसाळ्यात एक बातमी दरवर्षी वाचायला मिळते: राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला, भोगावतीत इतका विसर्ग सुरू. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाला असे सात दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की पाण्याच्या जोरानंच दरवाजा वर उचलला जातो, एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी सुटतं आणि पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. मोटार नाही, बटण दाबणारा माणूस नाही.

हृदयाच्या झडपाही अशाच चालतात. मायट्रल झडपेचे दोन पडदे आणि एओर्टिक झडपेच्या तीन पाकळ्या स्वतः आकुंचन पावत नाहीत, रक्त त्यांना ढकलतं तशा त्या हलतात. मायट्रलच्या पडद्यांना खालून पॅपिलरी स्नायूंच्या दोऱ्या बांधलेल्या असतात, पण त्या दोऱ्या झडप उघडत नाहीत किंवा मिटत नाहीत. मिटलेले पडदे उलटे होऊन एट्रियममध्ये जाऊ नयेत एवढ्यासाठी त्या ताणलेल्या असतात. तोंडी परीक्षेत ही चूक हमखास होते: ‘पॅपिलरी स्नायू आकसतात आणि मायट्रल झडप बंद करतात.’ दोरी ओढल्यानं पडदा मिटणार नाही, उलट खाली ओढला जाईल. झडप मिटते ती व्हेंट्रिकलमधला दाब एट्रियमपेक्षा वाढल्यामुळे.

राधानगरीची उपमा इथंच सोडायला हवी, कारण पुढे ती दिशाभूल करते. धरणाचा दरवाजा एकाच बाजूची पातळी बघतो. हृदयाच्या झडपेला दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. एओर्टिक झडप 80 मिमी दाबाला उघडते असं पाठ केलं, तर ज्याचा खालचा रक्तदाब 110 आहे त्याच्या बाबतीत उत्तर चुकणार. त्याच्या एओर्टात 110 चा दाब आधीच बसलेला आहे, तेव्हा व्हेंट्रिकलला 110 ओलांडल्याशिवाय झडप उघडता येणार नाही. ‘80’ हा झडपेचा गुणधर्म नाही, ती पलीकडच्या बाजूची त्या क्षणाची स्थिती आहे.

आलेखाचा कागद घ्या

आता प्रत्यक्ष काढू. नाडी मिनिटाला 75, म्हणजे एक ठोका 0.8 सेकंदाचा. आलेखाच्या कागदावर आडवी 16 सेंटिमीटरची रेघ ओढा. एक सेंटिमीटर म्हणजे 0.05 सेकंद. उभ्या बाजूला एक सेंटिमीटर म्हणजे 10 मिमी पारा, म्हणजे 12 सेंटिमीटर उंची पुरते. फक्त हृदयाची डावी बाजू काढायची आहे. उजवीकडे घटनांची साखळी तीच असते, फक्त दाब कमी असतात.

पुस्तकं बहुधा एट्रियमच्या आकुंचनापासून सुरुवात करतात. मी मायट्रल झडप मिटते तिथून सुरू करतो, कारण त्या क्षणापासून चार झडप-घटना सरळ ओळीत येतात आणि एट्रियमचं आकुंचन आपोआप शेवटच्या जागी बसतं.

पहिल्यांदा एओर्टाची रेघ. ती डावीकडे 80 वर सुरू होते, मध्ये 120 पर्यंत चढते आणि उजवीकडे पुन्हा 80 वर येते. मग एट्रियमची रेघ, तळाशी, 5 ते 10 च्या आसपास वळवळत जाणारी. शेवटी व्हेंट्रिकलची रेघ. ती एट्रियमच्या पातळीवरून निघते, उसळून एओर्टाच्या रेघेला गाठते, तिच्या सोबतीनं जाते आणि पुन्हा तळाशी कोसळते. व्हेंट्रिकलची ही रेघ बाकीच्या दोन रेघांना चार ठिकाणी छेदते. ते चार छेदबिंदू म्हणजेच अख्खं प्रकरण. प्रत्येक बिंदूतून पेन्सिलीनं खालपर्यंत उभी रेघ मारा.

पहिला छेद, शून्य सेंटिमीटरवर. ईसीजीत क्यूआरएस नुकताच येऊन गेलाय, व्हेंट्रिकलचा स्नायू आकसू लागलाय. व्हेंट्रिकलमध्ये या क्षणी सुमारे 120 मिली रक्त आहे आणि दाब 10 च्या आत-बाहेर. तो दाब एट्रियमच्या पुढे गेला की मायट्रल झडप मिटते. पहिला आवाज याच वेळचा.

आता एक विलक्षण अवस्था येते. मायट्रल मिटलेली आहे आणि एओर्टिक अजून उघडलेली नाही, कारण पलीकडे 80 मिमी आहे. चहूबाजूंनी बंद पोकळीत स्नायू आकसतोय. आत येणारं रक्त नाही, बाहेर जाणारं नाही, तेव्हा आकारमान 120 वरच राहणार आणि दाब सरळ वर जाणार. याला समआयतनी आकुंचन म्हणतात. कागदावर हा टप्पा जेमतेम एक सेंटिमीटर रुंद आहे, 0.05 सेकंद, पण तेवढ्यात व्हेंट्रिकलची रेघ 10 वरून 80 वर जाते. आकृतीत सगळ्यांत उभा चढ हाच.

दुसरा छेद, 1 सेंटिमीटरवर. व्हेंट्रिकल एओर्टाच्या पुढे गेला, एओर्टिक झडप उघडली. निरोगी झडप उघडताना आवाज होत नाही, हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल. रक्त सुटतं, सुरुवातीला जोरात, मग मंदावत. ठोक्यातलं बहुतेक रक्त पहिल्या निम्म्या वेळातच बाहेर पडतं. दोन्ही दाब हातात हात घालून 120 पर्यंत चढतात आणि उतरायला लागतात. खाली आकारमानाची रेघ 120 वरून 50 मिलीवर येते. सुमारे 70 मिली बाहेर गेलं. 120 पैकी 70 म्हणजे 58 टक्के, हाच तो इजेक्शन फ्रॅक्शन, जो इको रिपोर्टच्या तळाशी छापलेला असतो. उरलेले 50 मिली व्हेंट्रिकलमध्येच राहतात. व्हेंट्रिकल कधीच पूर्ण रिकामा होत नाही.

तिसरा छेद, साधारण साडेपाच सेंटिमीटरवर. ईसीजीत टी लाट संपत आलीय, स्नायू सैलावतोय, व्हेंट्रिकलचा दाब एओर्टाच्या खाली गेला. एओर्टिक झडप मिटते आणि दुसरा आवाज होतो. एओर्टाच्या रेघेवर या जागी एक छोटी खाच पडते.

इथं आपला प्रश्न थोडा लंगडतो, ते सांगायला हवं. फार नाजूक उपकरणानं मोजलं तर दिसतं की व्हेंट्रिकलचा दाब एओर्टाच्या किंचित खाली गेल्यावरही रक्त थोडा वेळ पुढेच जात राहतं, कारण वेगात असलेल्या रक्ताला स्वतःचा जोर असतो. झडप मिटते ती हा जोर संपल्यावर. म्हणजे छेद आधी, झडप मिटणं काही शतांश सेकंद नंतर. पदवीच्या परीक्षेला याची गरज पडत नाही, पण नियमाला मर्यादा आहे आणि तिचं कारण काय हे ठाऊक असलेलं बरं.

पुन्हा बंद पोकळी. एओर्टिक मिटली, मायट्रल अजून मिटलेलीच, कारण व्हेंट्रिकलचा दाब 100 च्या जवळ आहे आणि एट्रियमचा 10 च्या आत. आकारमानाची रेघ 50 वर आडवी, दाबाची रेघ कड्यावरून उतरावी तशी खाली. हे समआयतनी शिथिलीकरण, सुमारे 0.08 सेकंद, कागदावर दीड सेंटिमीटरच्या जरा पुढे.

या काळात एट्रियमच्या रेघेकडे बघा, तिच्याकडे कुणी बघत नाही. पहिल्या छेदापासून मायट्रल बंद आहे, पण फुप्फुसांकडून रक्त यायचं थांबलेलं नाही. ते एट्रियममध्ये साठतंय आणि त्याची रेघ हळूहळू चढतेय. या चढाला व्ही लाट म्हणतात. तिची उंची पुढच्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

चौथा छेद, 7 सेंटिमीटरवर. वरून कोसळणारी व्हेंट्रिकलची रेघ खालून चढलेल्या एट्रियमच्या रेघेला भेटते आणि तिच्याखाली जाते. मायट्रल उघडते, पुन्हा आवाज न करता, आणि साठलेलं रक्त आत धावतं. आकारमानाची रेघ इथं झपकन वर जाते.

एक विचारण्यासारखी गोष्ट इथं आहे. व्हेंट्रिकलमध्ये रक्त भरतंय, तरी सुरुवातीला त्याचा दाब आणखी उतरतच जातो. भरताना दाब वाढायला नको का? नको, कारण स्नायू अजून पूर्ण सैल झालेला नाही, भरण्याच्या वेगापेक्षा त्याचं सैल होणं पुढे आहे. निरोगी व्हेंट्रिकल रक्त ओढून घेतो म्हणतात ते हेच. रक्तदाबानं किंवा वयानं ज्याचा स्नायू ताठर झालाय त्याचं हे ओढणं मंदावतं, आणि इजेक्शन फ्रॅक्शन 60 असूनही त्याला जिना चढताना धाप लागते.

सात ते साडेनऊ सेंटिमीटरपर्यंत हे जोरदार भरणं चालतं. मग दोन्ही दाब जवळजवळ सारखे होतात, रक्त संथ झिरपत राहतं. शेवटी 14 व्या सेंटिमीटरवर, ईसीजीत पी लाट येऊन गेल्यावर, एट्रियम आकसतो आणि उरलेली भर घालतो. विश्रांतीत असलेल्या तरुण माणसात ही भर एकूण भरण्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते. ‘एट्रियम आकसून व्हेंट्रिकल भरतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. व्हेंट्रिकलचा मोठा भाग एट्रियम सैल असतानाच भरलेला असतो. 16 सेंटिमीटर पुरे झाले, आकारमान पुन्हा 120, पुढचा क्यूआरएस.

कागदाकडे एकदा नीट बघा. आवाज दोनच, आणि दोन्ही झडपा मिटतानाचे. आडव्या रेघा दोनच, आणि दोन्ही वेळी दोन्ही झडपा बंद. ईसीजीची लाट प्रत्येक वेळी दाबाच्या हालचालीच्या थोडी आधी, कारण विजेचा संदेश पोचल्यावर स्नायू हलतो. हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

ही आकृती कुणी कल्पनेनं काढलेली नाही. 1861 च्या सुमारास शोव्हो आणि मारे या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी जिवंत घोड्याच्या गळ्याच्या रक्तवाहिन्यांतून हवेचे फुगे लावलेल्या नळ्या हृदयात सरकवल्या आणि कप्प्यांतले दाब फिरत्या कागदावर एकाच वेळी उतरवून घेतले. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला चाळीसच्या आसपास असते. एवढा सावकाश ठोका मिळाला म्हणून त्या काळच्या उपकरणांना घटनांचा क्रम वेगळा वेगळा दिसू शकला.

ठोका लहान होतो, पण सगळीकडून सारखा नाही

आपला कागद 75 च्या नाडीचा आहे. नाडी वाढली की 16 सेंटिमीटर आखडतात. प्रश्न असा की कुठले सेंटिमीटर जातात? गॅनाँगच्या पुस्तकात दिलेले आकडे बोलके आहेत. 75 च्या नाडीला आकुंचनाचा काळ 0.27 सेकंद आणि शिथिलीकरणाचा 0.53. नाडी 200 झाली की आकुंचन 0.16 वर येतं, शिथिलीकरण 0.14 वर. आकुंचनाचे चार-दहांश गेले, शिथिलीकरणाचे जवळजवळ तीन-चतुर्थांश. कात्री चालते ती मुख्यतः भरण्याच्या काळावर.

कोल्हापूरच्या तालमीतल्या रोज मेहनत करणाऱ्या पैलवानाची बसल्या जागी नाडी 50 च्या आसपास भरली तर नवल नाही. त्याचा ठोका 1.2 सेकंदांचा. त्याच्या कागदावर आकुंचनाचा भाग जवळपास आपल्याएवढाच राहील, पण साडेनऊ सेंटिमीटरनंतरचा संथ झिरपण्याचा पट्टा कितीतरी लांबेल. त्याला सवड भरपूर आहे. ज्याच्या मायट्रल झडपेचं दार अरुंद झालंय त्याला मात्र ही सवड जीवनमरणाची ठरते.

एक पेशंट, त्याच कागदावर

एक कल्पित पेशंट घेऊ. कल्पित असली तरी अशी पेशंट आपल्या भागातल्या ओपीडीत नवी नाही. भुदरगडकडच्या गावातली 28 वर्षांची बाई. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, गावात औषध घेऊन बरं वाटलं. ते संधिवाताच्या तापाचं दुखणं होतं, आणि त्यानं मायट्रलचे पडदे कडांना एकमेकांशी चिकटवून ठेवले. निरोगी मायट्रलचं दार 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असतं. हिचं 1.2 उरलंय. घरकामात काही जाणवत नाही, पण ताप आला किंवा पळत जाऊन एसटी धरली की धाप लागते, आणि आडवं पडलं की ती वाढते.

तिला डाव्या कुशीवर वळवा. स्टेथोस्कोपची बेल हृदयाच्या टोकावर अगदी हलकी टेकवा, दाबली तर खालचा सूर हरवतो. काय ऐकू येईल, ते आधी कागदावरून काढू.

तिच्या एट्रियमचा दाब सतत चढा आहे, कारण अरुंद दारातून रक्त ढकलायला तो चढाच लागतो. तळाची रेघ वर उचला, 7 च्या जागी 15 च्या आसपास. आता चारही छेद पुन्हा शोधा. दुसरा आणि तिसरा जागेवरच आहेत, एओर्टात काही बदललेलं नाही. पहिला आणि चौथा सरकलेत.

पहिला छेद उशिरा येतो, कारण व्हेंट्रिकलला आता 10 ऐवजी 15 ओलांडायचेत. शिवाय एट्रियमचा दाब शेवटपर्यंत चढा असल्यामुळे पडदे शेवटच्या क्षणापर्यंत लांब उघडे होते. व्हेंट्रिकलची रेघ सगळ्यांत उभी चढत असताना ते लांबून येऊन आदळतात. म्हणून पहिला आवाज खणखणीत ऐकू येतो. कधी कधी तो छातीवर ठेवलेल्या तळव्यालाही जाणवतो.

चौथा छेद उलट लवकर येतो. वरून पडणाऱ्या रेघेला 7 पर्यंत खाली जावं लागत नाही, 15 लाच एट्रियमची रेघ भेटते. झडप लवकर उघडते, पण कडांना चिकटलेले पडदे अर्ध्यावरच अडतात आणि एक टचकन आवाज होतो. निरोगी झडप उघडताना गप्प असते, ही झडप बोलते. याला ओपनिंग स्नॅप म्हणतात. दुसऱ्या आवाजानंतर 0.04 ते 0.12 सेकंदांत तो ऐकू येतो.

आता स्वतःला विचारा: आजार वाढला तर हा स्नॅप दुसऱ्या आवाजाच्या जवळ येईल की लांब जाईल? दार जितकं अरुंद तितका एट्रियमचा दाब चढा, तितका छेद वर आणि लवकर. म्हणजे जवळ येईल. मेडिसिनच्या पुस्तकात हे एका ओळीत दिलेलं असतं आणि निम्मी मुलं ते उलटं लिहितात. कागद समोर ठेवला तर उलटं लिहिता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा की पडदे खूप कडक आणि चुन्यानं भरलेले असतील तर ते हलतच नाहीत आणि स्नॅप नाहीसा होतो. तेव्हा स्नॅप नाही म्हणून आजार हलका, असा अर्थ काढू नये.

स्नॅपनंतर अरुंद दारातून जाणाऱ्या रक्ताची घरघर. निरोगी माणसात साडेनऊ सेंटिमीटरला दोन्ही दाब सारखे होतात. हिच्यात ते शेवटपर्यंत सारखे होत नाहीत, दोन रेघांमधली फट पूर्ण शिथिलीकरणभर उघडी राहते. म्हणून घरघर लांब चालते, आणि 14 व्या सेंटिमीटरवर एट्रियम आकसला की ती पुन्हा चढते. पुढे एट्रियल फिब्रिलेशन झालं तर एट्रियमचं ते आकुंचनच राहत नाही आणि पहिल्या आवाजाआधीची चढण ऐकू येईनाशी होते.

नाडी 120 झाल्यावर

धाप का लागते, हे आकड्यांत बघू. 1951 साली रिचर्ड गॉर्लिन या डॉक्टरानं आपल्या अभियंता वडिलांसोबत, धरणाच्या आणि नळाच्या पाण्याला लागू पडणारं गणित अरुंद झडपेला लावलं. ते सोपं करून असं: झडपेतून वाहणाऱ्या रक्ताचा दर सेकंदाला किती मिली ते काढा. त्याला झडपेच्या क्षेत्रफळाच्या 38 पटीनं भागा. येणाऱ्या आकड्याचा वर्ग म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक, मिमी पाऱ्यात.

बाई विश्रांतीत आहे, नाडी 75. हृदय मिनिटाला 5 लिटर रक्त पुढे पाठवतंय. मायट्रल प्रत्येक ठोक्यात साधारण 0.45 सेकंद उघडी असते, 75 ठोक्यांत मिळून 34 सेकंद. सगळे 5000 मिली त्या 34 सेकंदांतच दारातून जायला हवेत, म्हणजे सेकंदाला 147 मिली. 38 गुणिले 1.2 म्हणजे 45.6. भागाकार 3.2, वर्ग 10. व्हेंट्रिकलचा शिथिलीकरणातला दाब 5 धरला तर एट्रियममध्ये 15. फुप्फुसं हे निभावून नेतात.

आता तिला ताप आला, नाडी 120. ठोका 0.5 सेकंदाचा झाला आणि मायट्रल उघडी राहण्याचा वेळ सुमारे 0.2 वर आला. 120 ठोक्यांत मिळून 24 सेकंद. ठोके वाढले तरी दार उघडं असण्याचा एकूण वेळ मिनिटाला 10 सेकंदांनी कमी झाला, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. 5000 मिली 24 सेकंदांत म्हणजे सेकंदाला 208. भागाकार 4.56, वर्ग जवळजवळ 21. एट्रियममध्ये 26. तोच दाब मागे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत पोचतो, आणि 25 च्या वर गेला की रक्तातलं पाणी फुप्फुसांत झिरपू लागतं. झडप काल होती तेवढीच आहे, हृदय बाहेर टाकतंय तेही तेवढंच. फक्त नाडी वाढली आणि बाई रात्री उठून बसली, खोकल्यासोबत फेस येऊ लागला.

तापात हृदय 5 लिटरवर थांबत नाही, आणखी पाठवतं. गरोदरपणात तर ते दीडपटीपर्यंत जातं. दर दीडपट झाला की दाबातला फरक वर्गाच्या हिशेबानं सव्वादोनपट होतो. म्हणूनच कधी काही त्रास नसलेल्या बाईचा हा आजार पहिल्या गरोदरपणात, सहाव्या-सातव्या महिन्यात उघडकीला येतो.

आणि म्हणूनच अशा पेशंटला नाडी सावकाश करणारं औषध, बीटा ब्लॉकर, देतात. ते झडपेला हातही लावत नाही. 120 चे 75 झाले की मिनिटातले गेलेले दहा सेकंद परत मिळतात आणि 26 चे पुन्हा 15 होतात. झडपेचं काम बलून करतो. जपानी सर्जन कांजी इनोउए यांनी 1980 च्या दशकात आणलेल्या पद्धतीनं मांडीच्या शिरेतून नळी उजव्या एट्रियममध्ये, तिथून मधला पडदा छेदून डाव्या एट्रियममध्ये नेतात, बलून मायट्रलच्या दारात फुगवतात आणि चिकटलेल्या कडा सुटतात. दार 1.2 वरून 2 झालं असं धरा आणि त्याच गणितात घाला. नाडी 75 ला दाबातला फरक 10 वरून 4 च्या खाली येतो. नाडी 120 ला 21 च्या जागी साडेसात. एट्रियममध्ये साडेबारा.